उत्तर कुठे उमटणार, हे माहीत नसताना

एखाद्या कृषी सल्ला सेवेला शेतकरी प्रश्न विचारतो आणि काही सेकंदांत उत्तर मिळते. त्या उत्तरामागे पुष्कळदा एकच एआय मॉडेल नसते. मुख्य मॉडेल शेतकऱ्याशी बोलते आणि मजकुराचा कच्चा मसुदा दुसऱ्या, मदतनीस मॉडेलकडून लिहून घेते. ही वाटणी सोयीची आहे, पण तिच्यात एक गोष्ट हमखास हरवते: उत्तर शेवटी कुठे वाचले जाणार आहे, ही.

सेवा उभारणारे लोक मुख्य मॉडेलला सुरुवातीलाच एक सूचना लिहून देतात. समजा, तीत असे म्हटले आहे की उत्तर अ‍ॅपवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, साध्या एसएमएसमध्ये किंवा फोनवरच्या यांत्रिक आवाजात जाऊ शकते. नेमके कुठे, ते आधी कळणार नाही. मुख्य मॉडेलला हे ठाऊक असते, मदतनीसाला नसते. त्याचे काम कोऱ्या पाटीवर सुरू होते. त्याच्या हाती दिलेल्या चिठ्ठीत जेवढे लिहिले असेल, तेवढेच त्याचे जग.

आता प्रश्न घेऊ: ‘कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आहे का, हे कसे ओळखायचे आणि फवारणी कधी करायची?’ मुख्य मॉडेलने मदतनीसाला एवढेच सांगितले की ‘यावर सल्ला लिही’, तर तो सवयीने चॅटच्या खिडकीसाठी लिहितो. ठळक मथळे, चौकटींचा तक्ता, आणि मध्येच असे काही:

```
| पाहणी | मर्यादा |
|---|---|
| कामगंध सापळा | **८ पतंग** |
```

योग्य अ‍ॅपवर हा तक्ता छान दिसेल. एसएमएसमध्ये मात्र उभ्या रेघा आणि तारका जशाच्या तशा उमटतील. व्हॉट्सअ‍ॅप एकेरी तारकेने अक्षर ठळक करते, त्यामुळे जोडीतल्या जादा तारका तिथेही डोकावतील. फोनवरचा आवाज एक तर त्या खुणाही वाचून दाखवेल, नाही तर त्या गाळून ‘कामगंध सापळा ८ पतंग’ एवढेच म्हणेल. किती रात्री, किती सापळे, काहीच कळणार नाही. शिवाय देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात, इंग्रजीत १६०. काना-मात्राही वेगळे चिन्ह म्हणून मोजले जातात, त्यामुळे सजावटीत गेलेली जागा महागात पडते.

याहून फसवी चूक दुसरी. मुख्य मॉडेल ‘माहीत नाही’ हे पुढे न सांगता स्वतःच अंदाज बांधते आणि मदतनीसाला कळवते, ‘हे व्हॉट्सअ‍ॅपसाठी आहे.’ मदतनीस तो अंदाज खरा धरून चालतो. मसुदा परत येतो तेव्हा तो अंदाज होता, याची खूण कुठेच उरलेली नसते.

मूळ सूचना सगळीच्या सगळी चिकटवून दिली, तरी भागत नाही. तीत ‘तुम्ही शेतकऱ्याशी बोलत आहात’ असे असते, म्हणून मदतनीस नमस्काराने सुरुवात करतो आणि ‘आणखी काही विचारायचे आहे का’ने शेवट. मग मुख्य मॉडेलचे अभिवादन धरून शेतकऱ्याला दोनदा नमस्कार घडतो.

चांगली चिठ्ठी छोटी, पण कारणासकट असते. ती साधारण अशी:

‘तुझा मसुदा मी वाचणार आहे, शेतकरी थेट वाचणार नाही, म्हणून अभिवादन नको. माझे उत्तर पडद्यावर दिसेल की फोनवर ऐकू येईल, हे मलाही माहीत नाही. त्यामुळे खुणा, तक्ते, मथळे न वापरता पूर्ण वाक्यांत लिही. क्रम शब्दांनी सांग. ज्या आकड्याची खात्री नाही, तो शेवटी वेगळा नोंदव.’

कारण दिले की मदतनीसाला न सांगितलेली गोष्टही सुचते. ‘तारका नको’ एवढेच म्हटले, तर तो तारकांऐवजी बाण काढेल. ‘कदाचित ऐकले जाईल’ म्हटले, तर बाणही टाळेल. मग मसुदा असा येतो: ‘एकरी दोन कामगंध सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर फवारणीचा निर्णय घ्या.’ हे कुठेही वाचा, अर्थ शाबूत राहतो.

तपासणीही सोपी आहे. मसुदा साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि एकदा मोठ्याने वाचावा. डोळा किंवा जीभ अडखळली, तर चिठ्ठीत काहीतरी राहिले आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहे. दहा वाणांची तुलना तक्त्याशिवाय समजत नाही आणि सावध गद्यात ती लांबत जाते. तिथे चिठ्ठी कितीही नेटकी असली तरी पुरत नाही. उत्तर कोणत्या वाटेने जाणार, हे सेवा बांधणाऱ्यानेच प्रत्येक प्रश्नासोबत मुख्य मॉडेलला कळवायला हवे. ते शक्य होईपर्यंत अज्ञान लपवू नये. ‘माहीत नाही’ हे मदतनीसापर्यंत त्याच शब्दांत पोहोचवावे.