बिलबुकातील तीन प्रती : कोणती कोणाकडे राहते आणि का?

गाझियाबाद : साहिबाबादमधील एखाद्या लहान कारखान्यातून निघालेला टेम्पो काही किलोमीटरवरच दिल्लीच्या हद्दीत शिरतो. अंतर अल्प असले तरी माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो आणि चालकाजवळचा कार्बनने उमटलेला एक कागद त्या मालाची ओळख ठरतो. हा कागद म्हणजे बीजकाची दुसरी प्रत.

केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमावली, २०१७ मधील नियम ४८ नुसार मालाच्या विक्रीचे बीजक तीन प्रतींत करावे लागते. मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची आणि तिसरी विक्रेत्याची असते. तसा उल्लेख प्रत्येक प्रतीवर आवश्यक असतो. उत्पादन शुल्काच्या काळातही हीच विभागणी होती. सेवेच्या बीजकाला मात्र दोनच प्रती लागतात. सेवेबरोबर माल जात नसल्याने त्यात वाहतूकदाराची प्रत नसते. बिलबुकांत पांढरा, गुलाबी, पिवळा असे रंग आढळतात. पण ती छापखान्यांची सोय आहे. प्रत कोणाची, हे रंगावरून नव्हे, तर तिच्यावरील मजकुरावरून ठरते.

एक उदाहरण घेऊ. साहिबाबादच्या विक्रेत्याने दिल्लीतील व्यापाऱ्याला १०० रुपये किलो दराने ३८० किलो माल विकला. किंमत ३८,००० रुपये, त्यावर १८ टक्के दराने एकात्मिक कर ६,८४० रुपये, एकूण ४४,८४० रुपये. करासह मूल्य ५० हजारांहून अधिक नसल्याने अशा विक्रीला सामान्यतः ई-वे बिल लागत नाही. त्यामुळे वाटेत तपासणी झाल्यास चालकाला दाखवता येते ती मुख्यतः बीजकाची दुसरी प्रतच. ती नसेल, तर माल अडवला जाऊ शकतो आणि तो सोडवून घेण्यासाठी दंड भरण्याची वेळ येऊ शकते.

व्यवहारात मूळ प्रतही बहुधा त्याच गाडीतून जाते. माल उतरवल्यावर चालक ती खरेदीदाराला देतो आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोहोच घेऊन परततो. घाईत दोन्ही प्रती खरेदीदाराकडे राहिल्या, तर माल पोहोचल्याचा पुरावा वाहतूकदाराच्या हातून निसटतो. खरेदीदारासाठी मूळ प्रत मोलाची असते, कारण भरलेल्या कराची वजावट मिळवताना बीजक जवळ असणे ही एक अट आहे.

तिसरी प्रत म्हणजे विक्रेत्याची स्थळप्रत. ती बिलबुकातच राहते आणि तिच्यावरूनच महिन्याचे किंवा तिमाहीचे विक्री विवरणपत्र भरले जाते. नेमकी हीच प्रत सर्वांत फिकी असते, कारण लेखणीचा दाब दोन कागद आणि दोन कार्बन पार करून तिच्यापर्यंत पोहोचतो. वरील उदाहरणात स्थळप्रतीवरील ३८,००० हा आकडा ३३,००० असा वाचला गेला, तर विवरणपत्रात कर ५,९४० रुपये दिसेल. खरेदीदाराच्या हातातील मूळ प्रतीवर ६,८४० रुपये असले, तरी त्याला वजावट विवरणपत्रात दिसणाऱ्या रकमेइतकीच मिळते. विक्रेता पुढील विवरणपत्रात दुरुस्ती करीपर्यंत ९०० रुपये अडकून पडतात.

ही चूक टाळण्याचा उपाय सोपा आहे. तिसऱ्या प्रतीवरील वजन आणि दर यांचा गुणाकार करून पाहावा आणि एकूण रकमेशी मेळ घालावा. रक्कम अक्षरांतही लिहिलेली असली, तर शंका उरत नाही. लिहिताना संचाखाली जाड पुठ्ठा ठेवावा, अन्यथा पुढच्या कोऱ्या बीजकावर आधीचे आकडे उमटतात. कार्बनची शाईची बाजू खाली असावी. ती वर राहिली, तर खालची प्रत कोरी निघते आणि वरच्या कागदाच्या पाठीमागे उलटी अक्षरे दिसतात.

खाडाखोडीबाबतही दक्षता हवी. संच फाडल्यानंतर केवळ मूळ प्रतीवर आकडा बदलला, तर एकाच क्रमांकाची दोन वेगवेगळी बीजके तयार होतात. चूक माल निघण्यापूर्वीच लक्षात आली, तर तिन्ही प्रतींवर ‘रद्द’ असे लिहून त्या बिलबुकातच ठेवाव्यात आणि पुढच्या क्रमांकाचे बीजक करावे. वापरलेल्या आणि रद्द झालेल्या क्रमांकांची नोंद विवरणपत्रात द्यावी लागते. पान फाडून फेकले, तर त्या क्रमांकाचा हिशेब देणे कठीण होते.

पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना नोंदणीकृत खरेदीदारांसाठी ई-बीजक करावे लागते आणि त्याला तीन प्रतींचा नियम लागू नाही. त्याखालच्या विक्रेत्यांसाठी कार्बनचे बिलबुक आजही वैध आहे. भरून संपलेले बिलबुक मात्र लगेच रद्दीत घालता येत नाही. त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने स्थळप्रती जपून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.