कोयंडा तुटला होता का?

घरफोडीचा विमा दावा फेटाळल्याचे पत्र येते तेव्हा त्यात बहुधा एकच वाक्य महत्त्वाचे असते: ‘बळजबरीने प्रवेश झाल्याचा पुरावा आढळला नाही.’ ज्या घरातले सोने गेले आहे, पोलिसांनी घरफोडीचाच गुन्हा नोंदवला आहे, त्या माणसाला हे वाक्य अन्यायाचे वाटते. पण त्यामागे एक तांत्रिक फरक आहे. तो चोरी होण्याआधी ठाऊक असेल, तर पुढचे बरेच नुकसान टळते.

कायद्यातली घरफोडी आणि पॉलिसीतली घरफोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 330 मध्ये घरफोडीची व्याख्या आहे. चोरी करण्यासाठी घरात शिरताना कुलूप उघडले तरी ती घरफोडी ठरते. ते तोडलेच पाहिजे असे नाही. जुन्या दंड संहितेतही हेच होते. पॉलिसीची भाषा मात्र बहुधा अशी असते: ‘बळाचा व हिंसक मार्गाचा वापर करून घरात प्रवेश करून किंवा घरातून बाहेर पडून केलेली चोरी.’ म्हणजे चोराने बनावट चावीने शांतपणे दार उघडले, तर पोलिसांच्या लेखी ती घरफोडी असते, विमा कंपनीच्या लेखी नुसती चोरी. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2004 साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, पॉलिसीत व्याख्या दिलेली असेल तर दंड संहितेतली व्याख्या लावता येणार नाही. बळाचा वापर झाल्याचे दिसलेच पाहिजे. कंपन्यांनी आपल्या अटी ग्राहकांना सोयीच्या होतील अशा सुधाराव्यात, असेही न्यायालयाने त्याच निकालात म्हटले होते. अट मात्र आजही बहुतेक पॉलिसींत आहे, आणि माझ्या मते ती पॉलिसी विकताना मोठ्याने वाचून दाखवायला हवी.

या व्याख्येतले ‘किंवा बाहेर पडून’ हे शब्द फार जणांच्या लक्षात येत नाहीत. चोर दिवसा उघड्या दारातून शिरला, माळ्यावर लपला आणि रात्री आतून कडी तोडून पळाला, तरी तो दावा बसतो. उलट दार उघडेच होते आणि चोराने फक्त आतले कपाट फोडले, तर वाद होतो. कारण फुटले ते कपाट, घर नव्हे. बाल्कनीची सरकती खिडकी उघडी राहिली आणि चोर पाइपवरून चढून आत आला, तरी तोच वाद. खिडकीचे ग्रील कापले असेल, गज वाकवले असतील, तर प्रश्न उरत नाही. घरातल्या माणसाला चाकू दाखवून चावी घेतली असेल, तर तो धाकही बळात मोजला जातो. किल्ली ठेवलेल्या कामगाराने किंवा घरातल्याच कुणी केलेली चोरी मात्र बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. नुसत्या चोरीसाठी काही कंपन्या जादा हप्ता घेऊन वेगळे संरक्षण देतात. लॅचवर भिस्त असलेल्या फ्लॅटवाल्यांनी त्याची चौकशी जरूर करावी.

आता चोरी झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांकडे येऊ. तुटलेले कुलूप, वाकलेला कोयंडा, चौकटीवर कटावणीच्या दाबाने उडालेला रंग, लाकडाचा निघालेला ढलपा, लॅचच्या जिभेजवळचे ओरखडे हाच बळाचा पुरावा. घाबरलेली माणसे पसारा आवरतात, रात्री झोपायचे कसे म्हणून लगेच सुताराला बोलावून नवे कुलूप बसवतात, आणि जुने कुलूप भंगारात जाते. पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नये. ठसेतज्ज्ञांच्या कामासाठीही ते गरजेचे आहे. दाराचे लांबून आणि जवळून फोटो काढावेत. कुलूप पोलिसांनी जप्त केले तर पंचनाम्यात तशी नोंद झाली का ते पाहावे, आणि नाही केले तर ते सर्वेक्षक येईपर्यंत पिशवीत जपून ठेवावे.

प्रथम खबर अहवालाची भाषा ठरलेली असते: ‘अज्ञात चोरट्याने बंद घराचे कुलूप कशाच्या तरी साहाय्याने तोडून…’ या वाक्यात ‘तोडून’ आहे की ‘उघडून’, हे सही करण्याआधी वाचावे. खोटे लिहून घ्यायचे नाही. कुलूप तुटलेले असताना ‘उघडून’ लिहिले गेले, तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायचे. घटनास्थळाचा पंचनामा तर त्याहून महत्त्वाचा. कोयंडा कुठे वाकला, कोणत्या खिडकीचा कोणता गज निघाला, हे त्यात असावे, कारण आठवड्याने येणारा सर्वेक्षक दुरुस्त झालेले दार पाहतो आणि पंचनाम्यावरच विसंबतो. केवळ तक्रार अर्ज किंवा वस्तू गहाळ झाल्याचा दाखला म्हणजे प्रथम खबर अहवाल नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ऑनलाइन खबर दिली असेल, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

दुसरी अडचण यादीची. त्या दिवशी सगळे आठवत नाही. चार दिवसांनी लक्षात येते की चांदीची समई आणि ताम्हनही गेले. अशा वेळी पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब नोंदवता येतो. विमा कंपनीला दिलेल्या यादीत एक वस्तू आणि फिर्यादीत ती नाही, असे झाले की सर्वेक्षक शंका घेतो. सोन्याच्या बाबतीत यादीत वजन ग्रॅममध्येच लिहावे. सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, जुन्या हिशेबात तो साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त होता. आजीच्या पाटल्या ‘दोन तोळ्यांच्या’ म्हटल्या की नेमके वजन कोणते, हा घोळ होतो. फिर्यादीत बहुधा खरेदीच्या वेळची जुनी किंमत लिहिली जाते. शेजारी वजन लिहिलेले असेल, तर पुढे आजच्या दराने हिशेब मागता येतो.

आता पैसे किती मिळतात ते पाहू. समजा, एका कुटुंबाने सोन्याचा दर ग्रॅमला 5,000 रुपये असताना घरातल्या 100 ग्रॅम दागिन्यांचा 5 लाखांचा विमा घेतला आणि दरवर्षी त्याच आकड्यावर नूतनीकरण केले. पुढे दर 10,000 झाला. (हे दर हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत.) गणपतीत कुटुंब गावी गेले आणि मागे 60 ग्रॅम दागिने चोरीला गेले: 30 ग्रॅमचे मंगळसूत्र, 20 ग्रॅमच्या पाटल्या, 10 ग्रॅमची साखळी. नुकसान 6 लाखांचे आहे आणि विमा 5 लाखांचा, तेव्हा 5 लाख तरी मिळतील, असे घरच्यांना वाटते. सर्वेक्षक मात्र चोरीच्या दिवशी घरात एकूण किती किमतीचे सोने होते, हे आधी पाहतो. ते 10 लाखांचे होते, विमा निम्म्याचा. म्हणून नुकसानही निम्मेच भरून मिळते: 3 लाख. याला सरासरीची अट म्हणतात. ज्या पॉलिसीत दागिन्यांची किंमत आधीच ठरवून मान्य केलेली असते, तिथे ही कपात होत नाही. पण त्या ठरलेल्या आकड्याहून जास्तही मिळत नाही. घडणावळ बहुतेक पॉलिसी देत नाहीत. सोन्याचे मोल वजन आणि शुद्धतेनुसार धरले जाते.

त्याच घरातून टीव्ही आणि लॅपटॉपही गेला. तसाच नवा टीव्ही आज 40,000 रुपयांना मिळतो. चार वर्षे वापरलेला म्हणून सर्वेक्षक निम्मे धरतो, 20,000. लॅपटॉप नवा 60,000 चा, घसारा वजा जाता 24,000. बेरीज 44,000. घरसामानाची एकूण किंमत 8 लाख आणि विमा 6 लाखांचा, म्हणून पाऊण हिस्सा: 33,000. नव्याला नवे या तत्त्वावर पॉलिसी असती तर घसारा कापला नसता, पण मग विम्याची रक्कमही सगळ्या सामानाच्या नव्या किमतीइतकी ठेवावी लागली असती. अशा रीतीने या कुटुंबाला 3,33,000 रुपये मंजूर होतात, आणि त्यातून पॉलिसीत ठरलेली अनिवार्य कपात वजा होते. पाटल्यांची पावती नसेल, तर हा आकडाही खाली येऊ शकतो. जुन्या दागिन्यांसाठी सराफाचे मूल्यांकन पत्र, लग्नातले स्पष्ट फोटो, वजनाची जुनी चिठ्ठी हे सगळे उपयोगी पडते, पण ते चोरीआधीचे असावे लागते. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असलेल्या नव्या दागिन्यांचे काम सोपे असते: तो क्रमांक वहीत उतरवून ठेवला की दागिन्याची ओळख पटते. रोख रक्कम अनेक पॉलिसींत अजिबात नसते किंवा अगदी थोडी असते.

एक गैरसमज इथे सांगायलाच हवा. गृहकर्जासोबत घेतलेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी म्हणजे घरफोडीचा विमा, असे अनेकांना वाटते. 2021 पासून सुरू झालेली ही पॉलिसी आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. तिच्यात चोरीचे संरक्षण आहे, पण अशा संकटानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीपुरते. साध्या घरफोडीसाठी वेगळा विभाग घ्यावा लागतो. त्यातही घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते, याची अट असते. अनेक ठिकाणी ती तीस दिवसांची आहे. मुलाकडे परदेशी तीन महिने जाणाऱ्या आईवडिलांनी निघण्याआधी कंपनीला लेखी कळवावे.

कंपनीला चोरीची खबर त्याच दिवशी फोनने आणि ईमेलने द्यावी. नुकसान एक लाखाच्या वर असेल, तर परवानाधारक सर्वेक्षक येतो. तपास लागला नाही तर पोलीस ‘अ समरी’ अहवाल देतात: गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. कंपन्या हा अहवाल मागतात, आणि तो यायला अनेक महिने जातात. दरम्यान सर्वेक्षणाचे काम थांबू द्यायचे नाही. खबर अहवाल आणि पंचनाम्यावर मूल्यांकन पुरे करून घ्यायचे आणि प्रत्येक मागणीला लेखी उत्तर द्यायचे. दावा नाकारला तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे; तिथे महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.

पैसे देताना कंपनी एका पत्रावर सही घेते. त्यामुळे दिलेल्या रकमेपुरता चोराविरुद्धचा हक्क तिच्याकडे जातो. वर्षभराने मंगळसूत्र सापडले आणि न्यायालयाने मुद्देमाल परत दिला, तर ते कंपनीला कळवावे लागते. अर्धीच भरपाई मिळाली असेल, तर सापडलेल्या दागिन्यात आपला वाटा किती, हे सही करण्याआधीच लेखी विचारून घ्यावे.