नोट्स मागते म्हणजे आवडतो का?

‘वर्गात साठ जण आहेत, पण ती नोट्स माझ्याकडेच मागते. परवा तर लायब्ररीत बसूया म्हणाली. म्हणजे काहीतरी आहे.’ कॉलेजच्या कट्ट्यावर हा निष्कर्ष सर्रास काढला जातो, मुलांइतकाच मुलीही काढतात. मागणी वारंवार होते म्हणजे ओढ असणार, हा त्यातला पहिला गैरसमज. वस्तुस्थिती अशी की मागण्यांच्या नुसत्या संख्येवरून गरज कळते, मन नव्हे. पनवेलचंच बघा. इथल्या कॉलेजांत पेण-रोह्याकडून, उरण-खालापूरकडून मुलं येतात. दिवा-रोहा मेमूच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. एक चुकली की सकाळची लेक्चरं गेलीच. वर इंटर्नल, जर्नल, सबमिशन, व्हायवा हे सगळं एकाच सत्रात उरकायचं आणि केटीची धास्ती कायमची. अशा वेळी ज्याचं अक्षर वाचता येतं, जो रोज हजर असतो आणि जो नाही म्हणत नाही, त्याच्याकडे माणूस पुन्हापुन्हा जातो. ‘माझ्याकडेच’ या शब्दाचं उत्तर बहुतेकदा एवढंच असतं.

मग फरक ओळखायचा कसा? किती वेळा मागितलं हे सोडून केव्हा आणि काय मागितलं ते पाहायचं. समजा, सत्रभरात बारा वेळा विचारणा झाली. त्यांतल्या नऊ इंटर्नलच्या किंवा सबमिशनच्या आठवड्यातल्या, दोन तिची गाडी चुकली त्या दिवशीच्या आणि एक विषय खरोखर अवघड होता म्हणून. ओढ अजिबात नसती तरीही या बाराच्या बारा विचारणा झाल्याच असत्या. म्हणून त्या ओढीचा पुरावा ठरत नाहीत. आता उलट चित्र घ्या. नोट्स ग्रुपवर आधीच पडल्या आहेत, तरी ती तुमच्याकडेच मागते. पीडीएफ मिळाल्यावर बोलणं ‘थँक्यू’वर न थांबता तुमच्या घरच्यांकडे, आवडीनिवडींकडे वळतं. परीक्षा संपते तरी मेसेज येत राहतात. अभ्यासाला चौघं बसायचं ठरत असताना ती दोघांचंच सुचवते. यातलं एकेक सुटं घेतलं तर किरकोळ आहे. पण गरज संपल्यावरही जे उरतं, तेच काही सांगू शकतं.

दुसरा गैरसमज असा की आपला अंदाज सहसा चुकत नाही. मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक तरुण आणि एक तरुणी पाच मिनिटं गप्पा मारत होते आणि दुसरी एक जोडी त्यांना लपून पाहत होती. तरुणीच्या त्याच साध्या मोकळेपणात पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त लैंगिक सूर दिसला. प्रयोग अमेरिकेतला असल्यामुळे त्यातलं प्रमाण इथे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण सौजन्य आणि आकर्षण यांची गल्लत कशी होते ते त्यातून कळतं. त्यात सहवासाची भर पडते. मोरलँड आणि बीच यांच्या १९९२च्या प्रयोगात काही तरुणी एका वर्गात कोणाशी न बोलता फक्त येऊन बसत. जी जास्त वेळा आली, ती विद्यार्थ्यांना जास्त आवडली. म्हणजे रोज शेजारी बसून गणितं सोडवताना आपल्यालाच समोरची व्यक्ती आवडू लागते आणि ती आवड आपण तिच्या खात्यावर मांडतो.

यावर रास्त आक्षेप असा की आपल्याकडे नोट्स हे बोलण्याचं सभ्य निमित्त असतंच. लाजाळू माणूस दुसरं काय करणार? खरं आहे. कित्येक जोड्या अशाच जमल्या असतील. पण निमित्त आणि गरज बाहेरून सारखीच दिसत असेल, तर त्या मागणीवरून दोन्हीपैकी काहीच ठरत नाही. अशा वेळी महिनोन्‌महिने खुणा जुळवत बसण्यापेक्षा अभ्यासाशी संबंध नसलेलं, सहज नाकारता येईल असं काहीतरी विचारावं: ‘पेपर संपल्यावर चहाला येशील?’ उत्तर टाळाटाळीचं आलं आणि तिने दुसरा दिवसही सुचवला नाही, तर ते नाहीच समजावं आणि पुन्हा विचारू नये. मात्र त्यानंतर ‘माझा वापर केला’ असा कांगावा करणं हा तिसरा गैरसमज. तिने नोट्स मागितल्या होत्या आणि तुम्ही त्या दिल्या; दुसरा कुठला शब्द कोणी दिलाच नव्हता. मदत एकतर्फी वाटत असेल, तर पुढच्या युनिटच्या नोट्स तिला काढायला सांगा. तेवढा हक्क तुम्हाला नक्कीच आहे.