१८१८ चा 'अर्धा आणा', एक तोळा आणि दिल्ली दरबाराचे पदक

आमच्या अभ्यास मंडळाकडे महिन्याला दोन-तीन तरी माणसे रुमालात काहीतरी गुंडाळून येतात. नाणे असेल तर काम सोपे असते. नाण्यावर मूल्य असते, राजा असतो, वर्ष असते आणि ते शोधायला सूची असतात. खरी पंचाईत होते ती नाण्यासारख्या दिसणाऱ्या पण नाणे नसलेल्या चकत्यांची, म्हणजे पदके आणि टोकन यांची. बाजारात चालवण्यासाठी ती सरकारने पाडलेली नसतात, त्यामुळे 'जुने आहे म्हणजे किंमत आहे' हा हिशेब इथे चालत नाही. ती कोणी, कशासाठी आणि कोणाला देण्यासाठी बनवली हे आधी ठरवावे लागते. धातू आणि खुणा त्यानंतर.

मध्यंतरी बडोद्यातल्याच एका जुन्या वाड्यातून एक काकू आल्या. त्यांच्या डबीत तीन चकत्या होत्या. एकीवर देवांची चित्रे आणि १८१८ हे वर्ष, दुसरी चांदीची साधी गोल चकती, तिसरे कडी असलेले पदक. पहिल्या चकतीसाठी कोणीतरी त्यांना काही लाखांचा आकडा सांगितला होता. फक्त आधी 'तपासणी फी' म्हणून पंचवीस हजार भरायचे होते. ते पैसे भरायच्या आत त्या आमच्याकडे आल्या, म्हणून त्या चकतीपासूनच सुरुवात करतो.

तिच्या एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी हनुमान, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आना' आणि १८१८. काहींवर 'यूकेएल' अशी अक्षरेही असतात. १८१८ म्हटले की आपल्या माणसांचे कान टवकारतात, पेशवाई बुडाली ते साल. पण याच साच्याच्या चकत्या १६१६, १७१७, १८३९ अशा वर्षांच्याही मिळतात, आणि चित्र तेच असते. १६१६ मध्ये मुंबई बेटसुद्धा कंपनीकडे नव्हते, पोर्तुगीजांकडे होते. एवढ्यावरूनच साचा बनवणाऱ्याला इतिहासाशी देणेघेणे नव्हते हे कळते.

कंपनीचे खरे तांब्याचे नाणे कसे दिसते ते एकदा पाहून ठेवले की फसायला होत नाही. मुंबई इलाख्यातल्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला कंपनीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसीत 'अदल' असते. १८३५ पासून सगळ्या कंपनी मुलखासाठी एकच पद्धत आली. त्या अर्ध्या आण्यावर एकीकडे सिंहांसह कंपनीचे चिन्ह आणि वर्ष, दुसरीकडे पानांच्या वेलीत मूल्य. वजन २०० ग्रेन, म्हणजे सुमारे १२.९५ ग्रॅम, आणि धातू तांबे. त्यावर देव नाहीत. कंपनीने देव कधी छापलेच नाहीत असे मात्र म्हणू नये. मद्रासच्या सोन्याच्या पगोड्यावर, म्हणजे आपण ज्याला होन म्हणतो त्याच्या दक्षिणेतल्या भावंडावर, विष्णू आहे. पण ते सोने, ते दक्षिणेत, आणि त्याची घडण वेगळी.

मग ही चकती कशासाठी बनली? तीर्थक्षेत्री विकायला आणि देवघरात ठेवायला. राम दरबाराची 'रामटंका' नावाची टोकने आपल्याकडे फार जुनी आहेत आणि त्यांत खरीखुरी जुनी, चांदीचीही असतात. ती कधी चलन नव्हती. त्याच रामटंक्याच्या चित्राला कोणीतरी कंपनीचे नाव चिकटवले, एवढाच हा प्रकार आहे.

आता धातू. मी आयुष्यभर यंत्रांचे काम केले, त्यामुळे मला डोळ्यांपेक्षा काट्यावर जास्त विश्वास आहे. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हजार-दीड हजारांत मिळतो. आधी चकती कोरडी वजन करायची. मग काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवून आकडा शून्य करायचा. चकतीला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही अशी हातात धरायची. आता काट्यावर जो आकडा येतो तो म्हणजे चकतीने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, आणि पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक घन सेंटिमीटर असल्यामुळे तेच तिचे आकारमान. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते.

काकूंच्या चकतीचे कोरडे वजन १४.२० ग्रॅम भरले, पाण्यातला आकडा १.६७. भागाकार साडेआठ. तांबे ८.९६ च्या आसपास असते, पितळ साधारण ८.४ ते ८.७. म्हणजे हे पितळ. कडेवर भिंगातून पाहिले तर ओतीव कामाची बारीक शिवण आणि अक्षरांच्या आत बुडबुड्यांचे खड्डे दिसले. टांकसाळीत ठशाखाली दाबलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा धारदार असतात. ओतलेल्यावर त्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात.

लाखांचा आकडा कुठून येतो तेही सांगायला हवे. या चकत्यांत 'इरिडियम' आहे, त्या तांदूळ ओढतात, म्हणून परदेशातली कंपनी त्या विकत घेते, असे सांगितले जाते. प्रात्यक्षिक दाखवताना तांदळात आधीच लोखंडाचा बारीक कीस मिसळलेला असतो आणि चकतीच्या मागे चुंबक. मुळात इरिडियम चुंबकाला चिकटत नाही, आणि तो सर्वांत जड धातूंपैकी एक आहे, घनता साडेबावीस. काकूंची चकती इरिडियमची असती तर तेवढ्याच आकारात साडेसदतीस ग्रॅम भरली असती. हा भागाकार मी त्यांच्यासमोरच कागदावर केला. ''म्हणजे भाऊ, तपासणी तर तुमच्या ग्लासातच झाली,'' काकू म्हणाल्या. बाजारात अशा चकतीला पितळेच्या मोडीचा भाव, आणि हौशी कोणी भेटला तर शंभरेक रुपये. देवघरात परत ठेवायला मात्र काहीच हरकत नाही, तिचे मूळ काम तेच.

दुसरी चकती काकूंनी 'ही काय, साधीच आहे' म्हणून बाजूला सारली होती. तिच्यावर मुंबईच्या एका पेढीचे नाव, 'एक तोळा' आणि '९९९'. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईच्या सराफी पेढ्या सोन्या-चांदीच्या अशा गोल चकत्या विकत. हे खरे व्यापारी टोकन: पेढीने आपल्या नावावर वजनाची आणि शुद्धतेची हमी दिलेली असे, म्हणजे दर वेळी कसोटी लावायची गरज नको. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. हिचे वजन ११.६५ भरले, पाण्यात १.११, भागाकार १०.५. शुद्ध चांदी १०.४९, तेव्हा उत्तर जुळले.

पण इथे या पद्धतीची मर्यादाही दिसते. पाण्यातला आकडा १.१२ आला असता तर उत्तर १०.४ झाले असते, आणि ९२५ कसाच्या चांदीची घनताही तिथेच कुठेतरी असते. दोऱ्याला चिकटलेला एक हवेचा बुडबुडासुद्धा एवढा फरक पाडतो. म्हणून एवढ्या लहान वस्तूवर हा प्रयोग चांदी की जर्मन सिल्व्हर एवढेच खात्रीने सांगतो, कस सांगत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, ते पावणेनऊच्या आत राहते. कस हवाच असेल तर सराफाची कसोटी आहे, पण ती ओरखडा पाडते. या तोळ्यावर चालेल, पदकावर अजिबात नाही. तोळ्याची किंमत त्या दिवशीचा चांदीचा भाव, आणि पेढीचे नाव संग्राहकांच्या ओळखीचे असेल तर वर थोडे. डबीतली पैसा म्हणून सर्वांत भरवशाची वस्तू हीच.

खुणांबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर वर्षाखाली मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा अशा खुणा असतात, आणि लोक त्याच खुणा पदकांवर शोधतात. पदकावर बहुतेक वेळा टांकसाळीऐवजी बनवणाऱ्याचे नाव असते, मानेच्या खाली किंवा कडेवर, भिंगाशिवाय न दिसणारे. इंग्लंडमध्ये तपासलेल्या चांदीवर चालणारा सिंह असतो आणि तपासणी बर्मिंगहॅमची असेल तर नांगर. खूण नाही म्हणून पदक खोटे ठरत नाही.

काकूंच्या तिसऱ्या वस्तूवर अशी एकही खूण नव्हती. व्यास साधारण ३८ मिलिमीटर, गुलाबांच्या वेलीत राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांचे मुकुटासह मुखवटे, आणि मागे पूर्ण फारसी मजकूर. फारसी हीच इथली ओळख. १९११ च्या दिल्ली दरबाराचे अधिकृत चांदीचे पदक असेच आहे. त्याच वर्षी शाळांतून आणि बाजारातून राज्यारोहणाची हलक्या धातूची आठवण-पदके भरपूर वाटली गेली. त्यांवर सहसा इंग्रजी मजकूर असतो आणि ती हातात घेताच हलकी लागतात. हे पाण्यात १०.३ आले, म्हणजे चांदी.

सोन्याची पदके संस्थानिक आणि बड्या अधिकाऱ्यांसाठी सुमारे २००, चांदीची मात्र ३०,००० च्या घरात निघाली. त्यामुळे नुसते चांदीचे पदक दुर्मीळ नाही. शिवाय ती नाव न कोरता दिली गेली, कोणाला मिळाले हे पदक स्वतः सांगत नाही. काहींनी पुढे आपल्या खर्चाने कडेवर नाव कोरून घेतले. काकूंच्या पदकावर नाव नव्हते, पण डबीच्या तळाशी मोडीत लिहिलेला घडीचा कागद होता. काकू तो फेकणार होत्या! त्यात त्यांच्या आजेसासऱ्यांनी महाराजांच्या लव्याजम्याबरोबर दिल्लीला गेल्याची आणि तिथल्या खर्चाची नोंद केलेली आहे.

ज्या दरबारात सयाजीराव महाराजांनी बादशहाला एकदाच मुजरा करून पाठ फिरवली आणि केवढा गदारोळ उठला, तोच हा दरबार, १२ डिसेंबर १९११. त्या लव्याजम्यातल्या माणसाचे पदक आणि त्याच्याच हाताचा कागद हे एकत्र असतील तर बडोद्याच्या इतिहासाला त्याची किंमत आहे. विकायला गेले तरी घेणारा कागदासकट जास्त पैसे देईल. दोन्ही वेगळे झाले की उरते ते तीस हजारांतले एक.

काकूंना तीन गोष्टी सांगितल्या. पदक चिंच लावून उजळायचे नाही, काळपट थर हा त्याच्या वयाचा पुरावा आहे आणि घासलेल्या पदकाला संग्राहक कमी देतो. विकणार असाल तर परदेशी गिऱ्हाईक नको, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेषांच्या कायद्यात येऊ शकतात आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आणि कागदाची घडी आणखी उलगडू नका. पुढच्या रविवारी मोडी वाचणारे आमचे सभासद घरी येऊन तो वाचतील आणि छायाचित्र घेतील.