एकाच ‘आई’ची दोन चित्रे

१९४०च्या दशकात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बोलणे कागदावर उमटवणारे यंत्र तयार झाले. त्यातला एक फिल्टर ३०० हर्ट्झ रुंदीचा, दुसरा ४५ हर्ट्झचा. यंत्र गेले, पण वाइडबँड आणि नॅरोबँड ही जोडी टिकली. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांच्या प्राट या मोफत प्रणालीत ती Window length या एका चौकटीत मावते. तिथे 0.005 सेकंद असले की रुंदी साधारण २६० हर्ट्झ होते; 0.03 केले की सुमारे ४३.

खिडकी जितकी आखूड, तितका क्षण नेमका कळतो, पण वारंवारता पसरट दिसते. लांब खिडकीत याच्या उलट. दोन्ही एकदम मिळत नाहीत. हा ध्वनीच्या गणिताचाच नियम आहे.

१२० हर्ट्झच्या आवाजाचा पुरुष ‘आई’ म्हणतो असे धरू. त्याचे स्वरतंतू दर ८.३ मिलिसेकंदांनी एकदा मिटतात. पाच मिलिसेकंदांच्या खिडकीत दरवेळचा हा ठोका वेगळा पडतो, म्हणून चित्रावर उभ्या बारीक रेघा येतात. त्यांच्यावर गडद आडवे पट्टे दिसतात, ते फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीचे अनुनाद. ‘आ’ला पहिले दोन ७०० आणि १२०० हर्ट्झच्या आसपास, जवळजवळ. ‘ई’कडे जाताना पहिला तीनशेच्या आसपास उतरतो, दुसरा दोन हजारांपलीकडे चढतो. जीभ पुढे सरकलेली डोळ्यांना दिसते.

आता खिडकी तीस मिलिसेकंदांची करा. तीत तीन-चार ठोके एकत्र येतात, उभ्या रेघा विरतात आणि १२०, २४०, ३६० अशा समान अंतरावर आडव्या रेघा उमटतात. हे हार्मोनिक. त्याने ‘आई?’ असे विचारत आवाज चढवला, तर सगळ्या रेघा वर वळतात, आणि वरच्या जास्त: स्वर १० हर्ट्झ चढला की दहावी रेघ १०० हर्ट्झ चढते. सुराचा चढउतार वाचायला हेच चित्र हवे. फॉर्मंट इथेही असतात, पण कुठल्या रेघा गडद आहेत यावरून ते ताडावे लागतात.

खरी फसगत लहान मुलीच्या आवाजात होते. तिचा स्वर ३५० हर्ट्झ असेल, तर पाच मिलिसेकंदांत जवळजवळ दोन ठोके बसतात आणि २६० हर्ट्झची रुंदी ३५०च्या अंतराहून कमी पडते. नाव वाइडबँडचे, पण पडद्यावर हार्मोनिक येतात. ‘आ’चा पहिला फॉर्मंट म्हणून ७०० हर्ट्झ टिपले जाते, पण ती तिच्या स्वराची दुप्पट, म्हणजे दुसरा हार्मोनिक असू शकतो. ओळखायचे कसे? लगतच्या पट्ट्यांमधली अंतरे मोजावीत. ती सारखी असली आणि सूर चढताच पट्टे एकत्र सरकले, तर ते हार्मोनिक. मग 0.003 करून पाहावे: रुंदी ४३० हर्ट्झच्या पुढे जाते आणि रेघा मिसळतात. मात्र आता ‘आ’चे जवळचे दोन फॉर्मंटही एकजीव होऊ शकतात. शिवाय ३५०च्या पटींखेरीज आवाजात फारशी ऊर्जाच नसते, तेव्हा दोन रेघांमधले फॉर्मंटचे नेमके शिखर कोणत्याही खिडकीतून स्पष्ट होत नाही. अशा मोजमापावर मी तरी दशांशापर्यंतचे आकडे लिहिणार नाही.

म्हणून संशोधनाच्या लेखात स्पेक्ट्रोग्राम छापणाऱ्यांना विनंती आहे: चित्राखाली खिडकीची लांबी आणि बोलणाऱ्याच्या स्वराची वारंवारता, दोन्ही द्या.