नावाआधीचे डॉक्टर, नावानंतरचे ज्युनिअर

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एबनेझर बॅप्टिस्ट चर्च आहे. १९६० ते १९६८ या काळात तिथे दोन धर्मोपदेशक एकाच वेळी काम करत होते आणि दोघांचंही नाव मार्टिन ल्यूथर किंग होतं. वडील १९३१पासून त्या चर्चची धुरा सांभाळत होते. मुलगा १९६०मध्ये त्यांच्या जोडीला आला आणि १९६८मध्ये त्याची हत्या होईपर्यंत तिथेच राहिला. गाव एक, चर्च एक, काम एक, नावही एक. कागदावर या बापलेकांना वेगळं ठेवतो तो नावानंतरचा एक छोटासा शब्द : वडिलांसाठी सीनिअर, मुलासाठी ज्युनिअर.

आता हे नाव संगणकातल्या यादीत आहे असं समजू. बँक, रुग्णालय, ग्रंथालय, विद्यापीठ यांच्या जुन्या याद्यांमध्ये पूर्ण नाव बहुतेक वेळा एकाच रकान्यात लिहिलेलं असतं. नव्या प्रणालीला मात्र पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन वेगळे रकाने हवे असतात. त्यासाठी सर्वात सोपा प्रोग्रॅम असा लिहिला जातो : जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तोडा, पहिला तुकडा म्हणजे पहिलं नाव, शेवटचा तुकडा म्हणजे आडनाव, उरलेलं सगळं मधलं नाव. मुलाचं नाव यादीत असं आहे :

```
Rev. Dr. Martin Luther King, Jr.
```

मोकळ्या जागांवर तोडलं की हाती सहा तुकडे येतात :

```
['Rev.', 'Dr.', 'Martin', 'Luther', 'King,', 'Jr.']
```

म्हणजे या गृहस्थांचं पहिलं नाव ‘रेव्हरंड’, आडनाव ‘ज्युनिअर’ आणि बाकी सगळं मधलं नाव. आडनावानुसार यादी लावली तर ते ‘के’ अक्षराखाली सापडणारच नाहीत. ‘जे’खाली अमेरिकेतल्या हजारो ज्युनिअरांच्या गर्दीत सापडतील. यावर एक घाईचा उपाय केला जातो : `Dr.` आणि `Jr.` हे शब्द सगळीकडून पुसून टाकायचे. त्याने आडनाव सुधारतं, पण वडील आणि मुलगा एक होऊन जातात. म्हणून या शब्दांना आधी बाजूला काढायचं, पण फेकायचं नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाने ठेवायचे.

ही सोय नवी नाही. फोनमधली संपर्कांची माहिती ज्या ‘व्हीकार्ड’ स्वरूपात एका यंत्रातून दुसऱ्यात जाते, त्यात नावाचे पाच कप्पे असतात : आडनाव, पहिलं नाव, इतर नावं, नावाआधीच्या उपाध्या, नावानंतरच्या जोडण्या. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रमाणपत्रिकेत दिलेलं हे उदाहरणच पाहावं :

```
N:Stevenson;John;Philip,Paul;Dr.;Jr.,M.D.,A.C.P.
```

अर्धविरामांनी कप्पे वेगळे केले आहेत आणि शेवटच्या कप्प्यात ज्युनिअरबरोबर वैद्यकीय पदव्याही बसल्या आहेत. कप्पे तयार आहेत. अवघड आहे ते एका ओळीतल्या नावातून योग्य शब्द योग्य कप्प्यात नेणं.

त्याची सुरुवात स्वल्पविरामापासून करावी लागते, कारण तो दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. `King, Martin Luther` असं लिहिलं असेल तर आडनाव पुढे आणलं आहे. `Martin Luther King, Jr.` असं असेल तर क्रम नेहमीचाच आहे, स्वल्पविराम फक्त ज्युनिअर वेगळा दाखवतो. आणि ग्रंथालयाच्या पद्धतीने `King, Martin Luther, Jr.` असं लिहिलं तर दोन्ही अर्थ एकाच ओळीत येतात. यावर तोडगा साधा आहे. पहिल्या स्वल्पविरामानंतरचा भाग पाहायचा. त्यातले सगळे शब्द जोडण्यांच्या यादीत सापडले, तर नाव सरळ क्रमाचं आहे. नाही सापडले, तर स्वल्पविरामाच्या आधी जे आहे ते आडनाव. हा निर्णय घेण्याआधीच स्वल्पविराम पुसून टाकले तर ती माहिती कायमची जाते, आणि नेमकी हीच चूक बरेच प्रोग्रॅम पहिल्याच ओळीत करतात.

पुढची पायरी म्हणजे दोन्ही टोकांकडून आत येणं. डावीकडून एकेक शब्द घ्यायचा, तो उपाध्यांच्या यादीत असेल तर उचलायचा आणि नसेल तिथे थांबायचं. उजवीकडून जोडण्यांसाठी तसंच करायचं. तुलना करताना टिंबं काढायची आणि सगळी अक्षरं लहान करायची, म्हणजे `Jr.`, `JR`, `jr` हे एकच ठरतात. पीएचडी मात्र इथे हटकून अडचण करते, कारण लोक ती `Ph. D.` अशी मध्ये मोकळी जागा सोडूनही लिहितात. तोडल्यावर तिचे दोन तुकडे होतात आणि एकटा `D.` कुणाच्या तरी नावाचं आद्याक्षर वाटू लागतो. पायथॉन भाषेत नावं तोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या `nameparser` या संचात एवढ्या एका पदवीसाठी स्वतंत्र तरतूद केलेली आहे. अशा जोडशब्दांना तोडण्यापूर्वीच ओळखावं लागतं.

दोन्ही टोकांकडून येताना कुठे थांबायचं, हा या कामातला खरा पेच आहे. ‘किंग’ ही उपाधीही आहे आणि आडनावही. `Dr. King` एवढंच लिहिलेलं असेल, तर डावीकडून येणारा प्रोग्रॅम आधी डॉक्टर उचलेल, मग किंग उचलेल आणि हाती काहीच उरणार नाही. म्हणून पहिला नियम : निदान एक शब्द नाव म्हणून शिल्लक राहिलाच पाहिजे. उजवीकडे नियम आणखी कडक लागतो. चीनमधले उद्योजक जॅक मा आणि चेलोवादक यो-यो मा यांचं आडनाव इंग्रजीत `Ma` असं लिहितात, आणि टिंबं काढून अक्षरं लहान केली की ते एम. ए. या पदवीसारखंच दिसतं. माल्कम एक्स यांचा `X` रोमन अंकातला दहा वाटू शकतो. अशा संशयित जोडण्या काढल्यावर एकच शब्द उरत असेल तर त्या काढायच्या नाहीत, एवढ्या एका अटीने ही तिन्ही नावं वाचतात.

सगळ्यांना मात्र नियम वाचवू शकत नाहीत. अमेरिकेचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचं ‘अर्ल’ हे पहिलं नाव. पण तो शब्द इंग्लंडमधला सरदारी किताबही आहे. `Chief Justice Earl Warren` या ओळीतून प्रोग्रॅम तीन शब्द उपाधी म्हणून उचलतो आणि एकटं वॉरन ठेवतो. म्हणून अनुभवी माणसं उपाध्यांच्या दोन याद्या ठेवतात. डॉक्टर, प्रोफेसर, रेव्हरंड हे खात्रीचे शब्द एका यादीत. अर्ल, जज, मेजर, प्रिन्स यांसारखे दुहेरी शब्द दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीतला शब्द आला की ती ओळ माणसाच्या नजरेखालून जाण्यासाठी वेगळी ठेवायची.

आपल्याकडे हा दुहेरीपणा एकाच घरात पाहायला मिळतो. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या नावातला ‘पंडित’ उपाधी आहे; त्यांच्या बहीण विजयालक्ष्मी पंडित यांच्या नावातला ‘पंडित’ सासरचं आडनाव आहे. इथे शब्दाची जागाच उत्तर देते. पण रावसाहेब हा ब्रिटिश काळातला किताब महाराष्ट्रात सर्रास पहिलं नाव म्हणून ठेवला जातो, आणि दोन्ही वेळा तो सुरुवातीलाच येतो. तिथे जागा पाहून भागत नाही.

उपाधी जपून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. उरलेला शब्द काय आहे, हे ती सांगते. ‘डॉ. किंग’ म्हटलं तर किंग हे आडनाव. पण इंग्रजीत ‘सर’ हा किताब पहिल्या नावाला लागतो : सर विन्स्टन म्हणतात, सर चर्चिल म्हणत नाहीत. म्हणून `nameparser`मध्ये सर, डेम, पोप, क्वीन अशा उपाध्यांची निराळी यादी आहे. त्यांच्यानंतर एकच शब्द आला तर तो पहिलं नाव धरला जातो. मराठीतही हाच भेद आहे. आचार्य अत्रे, महात्मा फुले, लोकमान्य टिळक यांत उपाधीनंतर आडनाव येतं; संत तुकाराम किंवा ‘चि. मंदार’ यांत पहिलं नाव येतं. मराठी याद्यांसाठी असा तक्ता हातानेच तयार करावा लागेल, आणि तो करणाऱ्याला मराठी नावांची जाण हवी.

देवनागरीत लिहिलेल्या याद्यांची एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘डॉ’ हे अक्षर टंकताना काही जण ‘ड’नंतर ‘ॉ’ हे एकच चिन्ह देतात. काही जण आधी काना आणि मग वरचा चंद्र देतात. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत :

```
U+0921 U+0949
U+0921 U+093E U+0945
```

युनिकोडची नेहमीची एकसारखेपणाची प्रक्रिया चालवली तरी हा फरक मिटत नाही. दुसरा प्रकार आपण स्वतः लिहून बदलायचा असतो, तोही यादीशी तुलना करण्यापूर्वी. ‘ॲड.’मधला ‘ॲ’ असाच किमान दोन प्रकारे टंकला जातो. शिवाय टिंबानंतर जागा न सोडता ‘डॉ.बाबासाहेब आंबेडकर’ असं लिहिण्याची सवय सार्वत्रिक आहे. तिथे टिंबानंतर जागा घालून मगच तोडावं लागतं. त्याने ‘पु.ल.देशपांडे’चे तीन नीट तुकडे होतात, पण पदव्या मोडतात. म्हणून ‘पीएच.डी.’सारखे टिंबांचे शब्द त्याआधी ओळखून बाजूला ठेवायचे.

ज्युनिअर हा शब्दही प्रत्येक देशात एकाच जागी उभा राहत नाही. अमेरिकेत तो नावानंतर येतो आणि वडिलांचंच पूर्ण नाव मुलाला दिलं आहे असं सांगतो. ब्राझीलमध्ये ‘ज्युनिअर’, मुलगा या अर्थाचा ‘फिल्यो’ आणि नातू या अर्थाचा ‘नेतो’ हे शब्द जन्मनोंदीतल्या नावाचाच भाग असतात. फुटबॉलपटू नेमार यांचं पूर्ण नाव नेमार द सिल्वा सान्तोस ज्युनिअर असं आहे. भारतात तर ज्युनिअर पुढे येऊन उभा राहतो. तेलुगू अभिनेते ज्युनिअर एनटीआर हे एन. टी. रामाराव यांचे मुलगे नव्हेत, नातू आहेत. आणि ज्युनिअर मेहमूद यांचं विनोदी अभिनेते मेहमूद यांच्याशी रक्ताचं नातंच नव्हतं. ते पडद्यावरचं नाव होतं. अमेरिकी याद्यांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम ज्युनिअरला फक्त शेवटी शोधतो आणि सुरुवातीचा ज्युनिअर पहिलं नाव म्हणून लिहून टाकतो.

काम बिघडलं आहे का, हे कळायला फार वेळ लागत नाही. तोडून झाल्यावर पहिल्या नावांची मोजणी करायची आणि सर्वाधिक वेळा आलेली पन्नासेक नावं वाचायची. त्यात ‘डॉ’, ‘प्रा’, ‘सौ’, ‘कै’ दिसले, तर यादीत काहीतरी निसटलं आहे. आडनावांचंही तसंच : तिथे `Jr`, `III`, `MD` दिसता कामा नयेत. मग पाच कप्प्यांतले शब्द पुन्हा जोडून मूळ ओळीशी ताडून पाहायचे. एखादा शब्द गळला असेल तर तो इथे सापडतो. ही ताडणी करता यावी म्हणून पूर्ण नावाची मूळ ओळ जशीच्या तशी वेगळ्या रकान्यात ठेवलेली असावी लागते. उपाध्यांची यादी पुढे कधी सुधारली, तर सगळी नावं त्याच ओळीवरून पुन्हा तोडता येतात.