वर्ष झाले, दिवस राहिले नाहीत? तपासणी दोघांचीही

निकाहानंतर वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, तर पती-पत्नी दोघांनीही डॉक्टरांकडे जावे. पत्नीने पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिनेच थांबावे. पाळी फार अनियमित असेल तर तेवढेही थांबू नये.

घरात मात्र आधी सुनेच्याच तपासण्या सुरू होतात. खरे तर पतीची वीर्यतपासणी सोपी असते. २ ते ७ दिवस संबंध टाळून नमुना द्यावा. घरून नेत असाल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोहोचवावा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच-तीन महिने लागतात. त्या काळात कडक ताप येऊन गेला असेल, तर संख्या कमी दिसू शकते. म्हणून रिपोर्ट बिघडलेला आला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासावे.

पत्नीने पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटते. समजा, पाळी ३५ दिवसांनी येते. मग बीज चौदाव्या नव्हे, एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटेल. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम एक दिवस. म्हणून या जोडप्याने सोळाव्यापासून बाविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवावेत. पाळीच्या तारखा दर महिन्याला बदलत असतील, तर हा हिशेब चुकतो. तेव्हा ती वही डॉक्टरांना दाखवावी.